थंड होणाऱ्या लोखंडाचा हिशेब

अंकासाठी ‘आकडेमोड नको’ अशी संपादकांची अट आहे. ती मला पूर्णपणे पाळता येणार नाही, कारण यंदा वाचलेला एक प्रकल्प-अहवाल अजून डोक्यातून गेलेला नाही. तिरोडा तालुक्यातील बोदलकसा तलावाच्या परिसरात एका लोहाराकडे ट्रकच्या कमानपाट्यापासून कुऱ्हाडी घडवल्या जातात. अभियांत्रिकीच्या काही विद्यार्थ्यांनी तिथे 10 मिलिमीटर जाडीच्या पाट्याच्या मध्यभागी तापमान मोजणारी तार बसवली. एक तुकडा हवेत टांगून निववला, दुसरा पाण्यात बुडवला. दुसऱ्याला तडा गेला. अहवालाचा निष्कर्ष मात्र असा होता की तुकडा लहान असल्यामुळे त्याचे तापमान सगळीकडे सारखेच होते.

‘तुकडा लहान म्हणून’ हे तीन शब्द मला सलतात. वर्षानुवर्षे वर्गात मी याच गैरसमजाशी भांडत आलो आहे.

तापलेल्या वस्तूतली उष्णता दोन टप्प्यांत बाहेर पडते. आधी ती गाभ्यापासून पृष्ठभागापर्यंत धातूतून येते, मग पृष्ठभागावरून हवेत किंवा पाण्यात जाते. पहिली वाट सोपी आणि दुसरी अवघड असेल, तर आतबाहेर तापमान जवळपास एकच राहते आणि सबंध तुकड्याला एकच तापमान देऊन हिशेब करता येतो. हीच लम्प्ड कपॅसिटन्स पद्धत. ती कधी चालते हे बायोट अंक सांगतो: Bi = hL/k. यात L म्हणजे घनफळ भागिले पृष्ठफळ, आपल्या पाट्यासाठी निम्मी जाडी, 5 मिलिमीटर. k ही धातूची उष्णतावाहकता. तापलेल्या पोलादासाठी साधारण 28 वॅट प्रति मीटर-केल्विन धरू. h, म्हणजे पृष्ठभागावरून उष्णता निघून जाण्याचा गुणांक, मात्र धातूचा नाही, भोवतालचा आहे. आणि सगळी गोम तिथेच आहे.

800 अंशांच्या लाल पाट्यावरून स्थिर हवेत प्रारण आणि संवहन मिळून h सुमारे 90 येतो. बायोट अंक 0.016, म्हणजे रूढ मर्यादेच्या, 0.1 च्या, बऱ्याच खाली. गाभा आणि पृष्ठभाग यांत जेमतेम सहा अंशांचा फरक. तोच पाटा पाण्यात गेला की उकळीच्या जोरदार टप्प्यात h सहज 5,000 होतो आणि बायोट अंक 0.9 च्या घरात पोचतो. तुकडा तोच, धातू तोच, पण आता पृष्ठभाग निवलेला आणि गाभा लालच. पृष्ठभागाचे पोलाद आधी कडक होते. गाभा मागाहून कडक होताना फुगतो आणि वरच्या ठिसूळ कवचाला ताणतो. तडा तिथे जातो. आतबाहेर एकच तापमान गृहीत धरणाऱ्या पद्धतीला हा ताण दिसूच शकत नाही. फरक शून्य हे तिचे गृहीतकच आहे.

0.1 ही काही निसर्गाने आखलेली रेषा नव्हे. तिच्या आत चूक साधारण पाच टक्क्यांपेक्षा कमी राहते, एवढाच तिचा अर्थ.

हवेतल्या तुकड्यावर पद्धत चालते, तरी विद्यार्थ्यांचे उत्तर चुकलेच. सूत्राने 800 वरून 300 अंशांवर यायला पाच मिनिटे सांगितली, प्रत्यक्षात दहा-अकरा लागली. त्यांनी दोष उपकरणाला दिला. उपकरण बरोबर होते. पुस्तकातला घातांकी वक्र h स्थिर मानतो, आणि इथे प्रारण ओसरत जाते: 500 अंशांवर h सुमारे 44, तर 300 वर 27 च्या आसपास. बायोट अंक लहान असणे म्हणजे आतबाहेर तापमान एक असणे. निवण्याचा वेग ठरलेला असणे नव्हे. शंभर-शंभर अंशांचे टप्पे पाडून प्रत्येक टप्प्याला त्याचा h दिला की कागदावरही दहा-अकरा मिनिटेच येतात.

त्यांच्या आलेखात आणखी एक जागा होती. सातशे अंशांच्या थोडे खाली तापमान जवळजवळ मिनिटभर अडले होते. ‘तार सैल झाली असावी,’ अशी टीप खाली होती. मला तो आलेखातला सर्वांत मोलाचा भाग वाटला. तिथे पोलादाची अंतर्गत रचना बदलते आणि साठलेली उष्णता बाहेर येते. अंधाऱ्या भट्टीत अनुभवी लोहाराला निवता तुकडा त्या क्षणी पुन्हा किंचित उजळलेला दिसतो. हिशेबात ती उष्णता वेगळी धरावी लागते.

‘पाण्याऐवजी तेल वापरलं तर पद्धत चालेल का सर?’ असे त्यांतल्या एकीने नंतर विचारले. तेलात h हजाराच्या आसपास धरला तरी बायोट अंक 0.18 येतो. तडा जाण्याची भीती पुष्कळ कमी होते, आणि कमानपाट्याच्या पोलादाला तेल मानवतेही. पण मर्यादा ओलांडलेलीच राहते. म्हणून पुढच्या तुकड्यात एक तार गाभ्यात आणि दुसरी पृष्ठभागाच्या अगदी खाली बसवायला मी तिला सांगितले आहे. दोन्ही वक्रांमधले अंतर मोजल्याशिवाय तापमान एकसारखे होते असे अहवालात लिहायचे नाही.