येणें होणार नाहीं

गेल्या जानेवारींत एके दिवशीं तिसऱ्या प्रहरीं मी ओटीवर वर्तमानपत्र वाचीत बसलों असतां माझी पुतणी हातांत फोन घेऊन आली व म्हणाली, "काका, एवढें वाचून पाहा ना. देवरुखच्या मामांना पाठवायचें आहे. वावगें कांहीं वाटत नाहीं ना?"

प्रसंग असा होता. तिच्या मामेबहिणीचें लग्न फेब्रुवारींत देवरुखास ठरलें होतें आणि नेमक्या त्याच दिवशीं सकाळीं अकरा वाजतां हिचा बारावीचा रसायनशास्त्राचा पेपर होता. आमच्या भाट्याहून पूल ओलांडला कीं रत्नागिरी, आणि तेथें परीक्षेचें केंद्र; परंतु मुहूर्तहि दुपारचा, तेव्हां दोन्ही साधणें अशक्य. जावें कीं न जावें याविषयीं घरांत वाद नव्हताच. प्रश्न होता तो कळवावें कसें याचा. वर्षापूर्वीं त्यांच्या धाकट्या मुलाच्या मौंजीस आमच्याकडून ‘जमणार नाहीं’ एवढेच दोन शब्द गेले होते. मामा निवृत्त शिक्षक. शब्दांचें वजन करणारे. त्यानंतर कित्येक महिने त्यांचा आपण होऊन फोन आला नाहीं, आणि आमच्या वहिनी माहेरचा विषय निघाला कीं पदर सांवरीत आंत जाऊं लागल्या. म्हणून मीं चष्मा पुसला आणि मजकूर नीट वाचला.

‘नमस्कार मामा. पत्रिका मिळाली. खूप आनंद झाला, पण माझी बारावीची परीक्षा असल्यामुळें मी लग्नाला येऊं शकत नाहीं. मी येणारच होतें. क्षमस्व. ताईला शुभेच्छा. कधींतरी नक्की येईन.’

व्याकरणाची चूक यांत एकहि नाहीं. तरीहि देवरुखास हा मजकूर पुन्हां ‘जमणार नाहीं’ असाच वाचला गेला असता.

मीं प्रथम ‘येऊं शकत नाहीं’ यावर बोट ठेविलें. हा वर्तमानकाळ. लग्न पुढच्या महिन्यांतलें. तें आज नाकारलें कीं ऐकणारास वाटतें, हिनें विचार न करितांच दार लावून घेतलें. ‘येऊं शकणार नाहीं’ म्हटल्यानें काळ सुधारतो, पण ‘मी’ पुढें उभी राहतेच. आपल्या भाषेंत याहून मऊ वाट आहे : ‘मला येतां येणार नाहीं.’ येथें कर्तेपण अंगावरून उतरतें व अडचण पुढें येते. आमची आजी तर ‘माझें येणें होणार नाहीं’ असें म्हणे. तें अधिक गोड खरें, परंतु सतरा वर्षांच्या मुलीच्या तोंडीं तें उसनें वाटलें असतें. म्हणून तें मीं सुचविलें नाहीं.

काळाच्या बाबतींत मी इतका चिकित्सक कां, तें पुतणीनें विचारलें. तेव्हां मला माझी जुनी फजिती सांगावी लागली. मी पुण्यास शिकत असतांना एका मावसभावाचें लग्न माझ्या परीक्षेंत आलें. मीं कार्ड लिहिलें, आणि तें हातीं पडेल तोंवर लग्न उरकलेलें असेल अशा हिशेबानें लिहिलें, ‘परीक्षेमुळें लग्नास येऊं शकलों नाहीं, याचें वाईट वाटलें.’ टपालखात्यानें त्या खेपेस अंमळ तत्परता दाखविली. कार्ड लग्नाच्या दोन दिवस आधीं पोंचलें. मावशी भर मांडवांत म्हणाली, "अजून अंतरपाट धरलेला नाहीं, आणि याचें वाईट वाटूनहि झालें!" मावशीचा राग पुढें गेला, तें वाक्य मात्र आजहि प्रत्येक कार्यांत मला कोणीतरी ऐकवितोच. पत्रांतला काळ लिहिणाराच्या घड्याळावर लावून चालत नाहीं. वाचणारा केव्हां वाचील तें पाहावें लागतें. फोनवरचा मजकूर तत्काळ पोंचतो, म्हणून तेथें हिशेब सोपा : लग्न व्हावयाचें आहे तोंवर भविष्यकाळ.

पुढचें वाक्य ‘मी येणारच होतें.’ मीं विचारलें, "खरेंच येणार होतीस?" ती गप्प. परीक्षेचें वेळापत्रक मंडळानें लग्नाची तारीख ठरण्याच्या कितीतरी आधीं जाहीर केलें होतें. ‘येणार होतें’ याचा अर्थ बेत ठरलेला होता व मागाहून मोडला. येथें बेत कधीं झालाच नव्हता, आणि तारखा जुळवून पाहण्यास मामांना पळभरहि लागला नसता. "मग वाटलें काय, तें सांग," मी म्हणालों. ती म्हणाली, "तारीख ऐकली तेव्हांच चुकल्यासारखें झालें." मग तेंच लिहावें. तो भूतकाळ खरा आहे.

‘क्षमस्व’ हा शब्द हल्लीं बंद दुकानाच्या दारावर दिसतो. तो मामांस लिहिण्याचा नव्हे. ‘खेद’, ‘दुःख’ हे शब्दहि मीं येऊं दिले नाहींत. मंगलकार्याच्या पत्रांत ते नसावेत. ‘आपण समजून घ्यालच’ असें घालूं का, असें तिनें विचारलें. त्यांतला ‘च’ वडील माणसास गृहीत धरतो. ‘राग नसावा’ हें विध्यर्थाचें आर्जव पुरेसें.

राहिलें ‘कधींतरी नक्की येईन.’ ‘येईन’ यांत इच्छा असते, हमी नसते. जोडीला ‘कधींतरी’ आलें कीं ‘नक्की’ शब्द लटका पडतो. जें ठरलें आहे तें आपण वर्तमानकाळांतच सांगतों : ‘उद्यां येतों.’ घरांतून निघतांनाहि आपण ‘जातों’ म्हणत नाहीं, ‘येतों’ म्हणतों. तिचा शेवटचा पेपर ८ मार्चला होता. म्हटलें, दुसऱ्या दिवसाची तारीख घाल, पण घातलीस तर पाळावी लागेल. तिनें आधीं आजीस विचारलें, मगच तारीख घातली.

एक गोष्ट व्याकरणाबाहेरची राहिली होती. हल्लीं पंगतीचीं पानें आधीं मोजून आचाऱ्यास सांगावीं लागतात. ‘येतां येणार नाहीं’ हें घरांतल्या एकट्या मुलीनें लिहिलें, तर बाकीचीं येणार कीं नाहीं हें मामींना कळावें कसें? म्हणून येणाऱ्यांचा उल्लेख मीं नकाराच्या आधीं घ्यावयास सांगितला. त्यामुळें ‘आनंद झाला, पण’ यांतला ‘पण’हि आपोआप गळला. त्या ‘पण’नें आधींचा सारा आनंद पुसला जात होता.

अर्ध्या तासानें तिनें पाठविलें तें असें :

‘ती. मामा व सौ. मामी यांस साष्टांग नमस्कार. ताईची पत्रिका पोंचली. आईनें ती देवापुढें ठेवली आहे. आई व बाबा आदल्या दिवशीं सकाळींच तिकडे येत आहेत. लग्नाच्या दिवशीं ११ वाजतां माझा रसायनशास्त्राचा पेपर आहे, त्यामुळें मला येतां येणार नाहीं. आजी व काका माझ्याजवळ राहतील. तारीख ऐकली तेव्हांच चुकल्यासारखें झालें. राग नसावा. ८ मार्चला परीक्षा संपते. ९ तारखेस आजीला घेऊन येतें. ताई तेव्हां माहेरीं असेल का, तें कळवावें.’

‘आई-बाबा आदल्या दिवशीं’ हें वाचून वहिनींनीं मान हलविली. त्यांचा बेत लग्नाच्या दिवशीं पहांटे निघण्याचा होता. पण मजकूर गेला होता, आणि त्या आनंदानें आदल्या दिवशीं गेल्या.

मामांचें उत्तर रात्रीं आलें. ‘साष्टांगमधला ष बरोबर. ताई ९ तारखेस येथेंच आहे. जेवावयास दोघी कीं काकाहि, तें कळव.’