‘पासून’चा हिशेब

"नोटीस मिळाल्यापासून तीस दिवसांत" हे वाचून आमचे पंचवटीतले शेजारी बोटं मोजू लागले. नोटीस ३ मार्चला मिळाली. ‘पासून’ म्हटलं की तो दिवस धरायचा नाही. ४ तारीख पहिली, म्हणजे तिसावा दिवस २ एप्रिल.

"आणि रंगपंचमी? त्या दिवशी अख्खं नाशिक रहाडीत असतं!"

अहो, तुम्ही रहाडीत बुडालात तरी दिवस बुडत नाही. करारात ‘कामकाजाचे दिवस’ लिहिलं असेल तरच मधल्या सुट्ट्या वगळायच्या.

शेवटच्याच दिवशी सुट्टी आली तर? कोर्टातली मुदत कोर्ट उघडेल त्या दिवसापर्यंत पुढे सरकते, प्रॉमिसरी नोटेची मात्र आदल्या कामाच्या दिवसावर मागे येते! खासगी कराराला यातली सवलत आपोआप मिळेलच असं नाही. म्हणून सही करण्यापूर्वीच विचारावं, "शेवटी रविवार आला तर?"