आरशातली सहावी ज्योत

२६ ऑक्टोबर २०२४
काचवाल्याकडून फूटभर रुंद आणि दीड फूट उंच असे दोन आरसे कापून आणले. कडा घासून घेतल्या, नाहीतर उचलताना हात कापतो. पाठीमागून कापडी चिकटपट्टी लावून ते जोडले. आता पुस्तकासारखे उघडतात, मिटतात. आई म्हणाली, "देवासमोर नट्टापट्टा कशाला?" मी म्हटलं, वसुबारसेला बघ.

२८ ऑक्टोबर, वसुबारस
आरसे काटकोनात उघडून मध्ये पणती ठेवली. तीन प्रतिबिंबं आणि खरी एक, अशा चार ज्योती. मग कोन साठ अंशांवर आणला तर सहा झाल्या. हिशेब सोपा आहे: ३६० ला कोनाने भागायचं, त्यात खरी पणतीही आली. कोनमापकही लागत नाही. दोन्ही आरसे फूटभर रुंद आहेत, तेव्हा मोकळ्या कडांमध्येही फूटभर अंतर ठेवलं की साठ अंश आपोआप साधतात.

पणती जोडापासून सहा इंचांवर, दोन्ही आरशांच्या बरोबर मध्ये ठेवली. सहा ज्योतींचं फूटभर व्यासाचं रिंगण झालं, शेजारच्या दोघींत सहा-सहा इंच. पणती पुढे ओढली की रिंगण फुगतं, आत सरकवली की आवळतं. म्हणजे नुसत्या पणतीच्या जागेवरून भिंतीत हवी तेवढी खोली काढता येते, आणि मला या प्रकारात सगळ्यात आवडलं ते हेच.

कोन जरा चुकला तरी कळतो. अगदी मागची, जोडावर येणारी ज्योत दुभंगते किंवा उगाच जाड दिसते. समोरून पाहिलं तर खरी पणती तिला झाकते, म्हणून डोकं थोडं बाजूला घेऊन बघायचं. चांगला आरसा दर वेळी सुमारे नव्वद टक्के प्रकाश परत देतो. ही सहावी ज्योत तीन आरसेभेटी घेऊन येते, म्हणजे तिच्यात पाऊण हिस्सा उरतो. डोळ्याला तेवढं जाणवतही नाही. आई काही बोलली नाही, पण दुसरी पणती स्वतःच आणून ठेवली. बारा झाल्या.

२९ ऑक्टोबर, धनत्रयोदशी
पितळ चिंचेने घासलं. पितळेचं काम आरशापेक्षा वेगळं. घंगाळाच्या फुगीर अंगावर एका दिव्याचा एकच बारीक ठिपका उमटतो आणि आपण चालू लागलो की तोही सरकतो. शिवाय पितळ निळा रंग गिळतं, म्हणून बाजारातली ती पांढरीफटक एलईडीची माळसुद्धा त्यात सोनेरी दिसते. स्टीलच्या पातेल्यात ती पांढरीफटकच राहते. माळ बदलण्यापेक्षा समोरचं भांडं बदलणं स्वस्त पडलं.

३१ ऑक्टोबर, नरक चतुर्दशी
बाबा पहाटे अंघोळ करून आले आणि त्या बारा ज्योतींसमोर पेपर उघडून बसले. "दिवे बारा, उजेड दोनाचा," म्हणाले. खरं आहे. आरसा नवा उजेड घडवत नाही, भिंतीकडे चाललेला खोलीत वळवतो एवढंच. आणि आमची भिंत पांढरी. तीही बराचसा उजेड परत देतेच, फक्त विखरून. आरसा न विखरता देतो, म्हणून दिवे वाढल्यासारखे वाटतात. गडद निळ्या नाहीतर मरून भिंतीपुढे आरसा लावला असता तर बाबांनाही फरक जाणवला असता.

१ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन
संध्याकाळी वहिनीने गॅलरीच्या सरकत्या काचेवर आतून माळ सोडली. ट्यूबलाइट बंद करताच बाहेरच्या अंधारावर माळेची दुसरी रांग उमटली. साधी काच जेमतेम आठ टक्के प्रकाश परत देते. दिवसा तो बाहेरच्या उजेडात बुडतो, रात्री तेवढाही पुरतो. पण समोरच्या इमारतीतले फ्लडलाइट लागले आणि आमची दुसरी रांग पुसली गेली. वहिनीला म्हटलं, माळ काचेला चिकटवू नकोस, वीतभर अलीकडे टांग. दोन रांगा वेगळ्या दिसायला तेवढी जागा हवी.

आरशांच्या कोपऱ्यात मात्र माळ नकोच. हिरवी वायर, गाठी, प्लग, सगळं सहापट होतं. माळ लावायचीच तर बारीक तांब्याच्या तारेची. आणि आरशात समोरचं काय येतं ते आधी पाहावं. आमच्या दिव्यांच्या रिंगणामागे पंखा आणि वाळत घातलेला टॉवेल दिसत होता. टॉवेल काढला.

३ नोव्हेंबर, भाऊबीज
आरसे पुसले. पणत्या जवळ होत्या त्या उंचीवर काजळीचा पट्टा धरला होता. वात लांब ठेवली की काजळी वाढते, आणि ज्योत काचेला फारच जवळ असली तर काच एकाच जागी तापून तडकूही शकते. थोडं अंतर राखलेलं बरं. पुसताना ओलं फडकं खालच्या कडेवर निथळू दिलं नाही. पाणी तिथून आत शिरतं, मागचा मुलामा उडतो आणि कडा काळी पडते. तुळशीच्या लग्नाला गॅलरीत वारा असतो, तेव्हा तिथे पणतीमागे स्टीलचं ताट उभं करणार आहे. पडलं तरी फुटायचं नाही.