मंजुरीपत्रात छापलेली तारीख एकच असते

बँकेचं सँक्शन लेटर आलं की कंपनीत सगळ्यांची नजर एकाच आकड्यावर जाते, किती मंजूर झालं त्यावर. आमच्या वाळूजच्या कारखान्याला 12 ऑगस्ट 2024 तारखेचं पत्र मिळालं. त्यात नव्या मशीनसाठी 9 कोटींचं मुदत कर्ज आणि 5 कोटींचं कॅश क्रेडिट होतं. मालकांनी पहिलं पान वाचून पेढे मागवले. उरलेली पानं माझ्या टेबलावर आली, फायनान्सच्या कॅलेंडरमध्ये चढवण्यासाठी.

पत्र पेन्सिल घेऊन वाचायला बसलं की एक गोष्ट लगेच लक्षात येते. कॅलेंडरमध्ये टाकता येईल अशी तारीख त्यात जवळजवळ नसतेच. छापलेली तारीख एक, पत्राची स्वतःची. बाकी सगळीकडे ‘पहिल्या वितरणापासून 12 महिने’, ‘पहिल्या वितरणापासून 90 दिवसांत’, ‘आर्थिक वर्ष संपल्यापासून 6 महिन्यांत’ अशी भाषा. म्हणजे मुदत दिलेली असते, पण ती ज्या घटनेपासून मोजायची ती घटना अजून घडलेलीच नसते.

आमची अकाउंटंट हुशार आणि तत्पर. तिने पत्र आल्याच्या दुसऱ्याच दिवशी नोंदी करायला घेतल्या. ‘‘मॅडम, वितरण सप्टेंबरच्या मध्यावर होईल असं बँकेने सांगितलंय, तसं धरून मी सगळं टाकते,’’ ती म्हणाली. मी तिला थांबवलं. वितरण आठवडाभर पुढे गेलं की त्या अंदाजावर बेतलेल्या सगळ्या नोंदी चुकणार, आणि खरी कोणती, अंदाजाची कोणती, हे कॅलेंडर पाहून कुणालाच कळणार नाही. म्हणून आम्ही आधी एक वेगळी शीट केली, फक्त घटनांची: पत्राची तारीख, कागदपत्रांवर सह्या, पहिलं वितरण, प्लॉटचं गहाण, आर्थिक वर्षाची अखेर. बाकीच्या नोंदी या खुंट्यांना टांगलेल्या. घटना घडली, त्याची पोच हातात आली, की तिथे तारीख भरायची; तिच्यावर अवलंबून असलेल्या तारखा सूत्राने आपोआप येतात. तोवर ती ओळ लाल.

सह्या 18 सप्टेंबरला झाल्या, पहिलं वितरण 27 सप्टेंबरला. मग परतफेडीचं कलम घेतलं. मुदत एकूण 84 महिने. पहिल्या वितरणापासून 12 महिने मोरेटोरियम, त्यानंतर प्रत्येक महिन्याच्या अखेरच्या दिवशी साडेबारा लाखांचे 72 समान हप्ते. बहात्तर गुणिले साडेबारा म्हणजे बरोबर 900 लाख, इथे गोंधळ नव्हता. गोंधळ पहिल्या हप्त्याचा होता. मोरेटोरियम 27 सप्टेंबर 2025 ला संपतं. मग पहिला हप्ता तीनच दिवसांनी, 30 सप्टेंबरला, की एक पूर्ण महिना सोडून 31 ऑक्टोबरला? कलमातून दोन्ही अर्थ निघत होते, आणि आमच्या खरेदी विभागाला अर्थातच ऑक्टोबर आवडला होता.

अशा वेळी शेवटाकडून मोजायचं. सप्टेंबर 2025 पासून मोजलं तर बहात्तरावा हप्ता 31 ऑगस्ट 2031 ला येतो. ऑक्टोबरपासून मोजलं तर 30 सप्टेंबर 2031 ला, म्हणजे 84 महिने संपल्यावर तीन दिवसांनी. मंजूर मुदतीच्या बाहेर हप्ता जाऊ शकत नाही, म्हणून सप्टेंबर. तरीही मी शाखेला मेल टाकून त्यांच्या सिस्टिममधलं परतफेडीचं वेळापत्रक मागवलं. त्यातही 30 सप्टेंबरच निघाली. हिशोब पटणं वेगळं आणि बँकेने लेखी देणं वेगळं. कॅलेंडरला दुसरं लागतं. एक्सेलमध्ये, पहिल्या वितरणाची तारीख B5 मध्ये आणि पहिला हप्ता D2 मध्ये धरून, हे असं बसलं:

```
=EOMONTH(EDATE(B5,12),0)
=EOMONTH(D2,1)
```

पुढच्या हप्त्यांसाठी नुसतं EDATE वापरू नये. 30 सप्टेंबरपुढे ते 30 ऑक्टोबर देतं, 31 नाही, आणि फेब्रुवारी गाठला की त्यानंतरचे सगळे हप्ते 28 वर अडकतात.

मोरेटोरियम या शब्दाने घरातलीच माणसं फसतात. वर्षभर बँकेला काही द्यायचं नाही, असा मालकांचा समज होता. सूट फक्त मुद्दलाला होती. व्याज ज्या महिन्यात नावे पडेल त्याच महिन्यात भरायचं, हे त्याच कलमाच्या शेवटच्या वाक्यात होतं. म्हणून परतफेडीच्या शीटची पहिली ओळ हप्त्याची नाही, सप्टेंबर 2024 च्या व्याजाची आहे.

सुटीच्या दिवसांचंही तसंच. तिसरा हप्ता 30 नोव्हेंबर 2025 चा, आणि त्या दिवशी रविवार. रिझर्व्ह बँकेच्या नोव्हेंबर 2021 च्या परिपत्रकाप्रमाणे देय तारखेचं दिवसअखेरचं काम बँकेची सिस्टिम करते तोवर रक्कम आली नसेल, तर खातं त्याच तारखेपासून थकीत आणि एसएमए-शून्य. सुटी आहे म्हणून सोमवारी भरू, हे तिथे चालत नाही. त्यामुळे आमच्या कॅलेंडरमध्ये प्रत्येक हप्त्याला दोन तारखा आहेत, बँकेची आणि आमची. आमची तारीख नेहमी तीन कामकाजाचे दिवस आधीची.

हप्ता कॅश क्रेडिट खात्यातून आपोआप वळता होतो, आणि इथेच दोन वेगळी वाटणारी कलमं एकमेकांत अडकतात. कॅश क्रेडिटची मर्यादा 5 कोटी असली तरी वापरता येते फक्त ड्रॉइंग पॉवर, आणि ती ठरते दर महिन्याच्या 10 तारखेपर्यंत द्यायच्या स्टॉक स्टेटमेंटवरून. आमच्या पत्रात देणी वजा केलेल्या मालावर 25 टक्के मार्जिन आणि 90 दिवसांच्या आतल्या येण्यांवर 40 टक्के. स्टेटमेंट गेलं नाही तर ड्रॉइंग पॉवर जुन्याच आकड्यावर राहते किंवा बँक ती काढून घेते, आणि मग खात्यात जागा नसल्यामुळे मुदत कर्जाचा हप्ता अडतो. स्टोअरच्या माणसाला 10 तारीख ही क्लार्कची कटकट वाटत होती. कॅलेंडरमध्ये ती ओळ महिनाअखेरच्या हप्त्याला जोडून दाखवल्यावर तो 7 तारखेलाच मोजणी द्यायला लागला.

तारणाच्या पानांवर मी सर्वांत जास्त वेळ घालवला. मशिनरी आणि माल हायपोथिकेशनला, एमआयडीसीचा प्लॉट गहाणाला, वर संचालकांची वैयक्तिक हमी. पत्रात हे एकाच परिच्छेदात असलं तरी कॅलेंडरमध्ये ते एका ओळीत बसत नाही, कारण प्रत्येक तारण वेगळ्या दिवशी जन्माला येतं. हायपोथिकेशनचा करार 18 सप्टेंबरला झाला, म्हणून त्याची सीएचजी-1 कंपनी निबंधकाकडे 30 दिवसांत, 18 ऑक्टोबरपर्यंत. प्लॉट मात्र लीजचा. तो गहाण ठेवायला आधी एमआयडीसीची संमती लागते, आणि ती यायला वेळ लागतो. बँकेने गहाणासाठी पहिल्या वितरणापासून 90 दिवस दिले होते, म्हणजे 26 डिसेंबर. उशीर झाला तर दंडात्मक आकार. संमती आली आणि गहाण 11 नोव्हेंबरला झालं. तिथून नवी मुदत सुरू झाली: दुसरी सीएचजी-1 आणि महाराष्ट्रात लागणारी नोटीस ऑफ इंटिमेशन, दोन्ही 11 डिसेंबरपर्यंत.

आमच्या बाहेरच्या कंपनी सेक्रेटरींनी दोन्ही बोजे एकाच फॉर्ममध्ये, गहाण झाल्यावर नोंदवू असं सुचवलं होतं. तारखांची शीट समोर ठेवल्यावर त्यांनीच ते मागे घेतलं. 18 सप्टेंबरच्या बोजाचे 30 दिवस नोव्हेंबरपर्यंत थांबत नाहीत. 60 दिवसांपर्यंत जादा शुल्क, त्यापुढे 120 दिवसांपर्यंत रकमेच्या प्रमाणात शुल्क, आणि त्यानंतर निबंधकाकडे नोंदीचा मार्गच उरत नाही. हे दिवस पत्रात कुठेच नसतात, कंपनी कायद्याच्या 77 व्या कलमात असतात. पत्रात फक्त ‘बोजा नोंदवावा’ एवढंच होतं.

आता कोव्हेनंट. चालू गुणोत्तर किमान 1.33, एकूण देणी निव्वळ मालमत्तेच्या 3 पटींच्या आत, डीएससीआर किमान 1.25, तिन्हींची तपासणी वर्षातून एकदा, ऑडिट झालेल्या ताळेबंदावर. बहुतेक ठिकाणी याची नोंद ‘30 सप्टेंबर, ताळेबंद देणे’ एवढीच होते. पण सप्टेंबरमध्ये आकडा कळतो तेव्हा ते वर्ष संपून सहा महिने झालेले असतात. म्हणून मी बँकेला दिलेल्या सीएमएतले आमचेच अंदाज काढून डीएससीआर वर्षवार मांडला. व्याख्या पत्रात नव्हती, ती शाखेकडून मेलवर घेतली: करोत्तर नफा, घसारा आणि मुदत कर्जाचं व्याज यांच्या बेरजेला, व्याज आणि हप्ते यांच्या बेरजेने भागायचं.

2025-26 मध्ये नफा 110 लाख, घसारा 85, व्याज 85. वर एकूण 280. खाली व्याज 85 आणि सप्टेंबर ते मार्च असे सातच हप्ते, साडेसत्याऐंशी लाख. उत्तर 1.62, मालक खूश. पुढच्या वर्षी नफा आणि घसारा तेवढेच धरले, व्याज उतरून 72 झालं, पण हप्ते पूर्ण बारा, म्हणजे 150 लाख. वर 267, खाली 222. उत्तर 1.20. धंदा जराही न बिघडता अट मोडली. व्याज वाचल्यामुळे नफा 10 लाखांनी वाढला असं धरलं तरी 1.248, म्हणजे केसाएवढी कमी. त्यामुळे 2026-27 साठी आमच्या कॅलेंडरमध्ये ऑक्टोबर आणि जानेवारीत तात्पुरत्या आकड्यांवर डीएससीआर काढण्याच्या ओळी आहेत. जानेवारीत कळलं तर मार्चपूर्वी काही करता येतं: प्रवर्तकांचं भांडवल, किंवा बँकेकडे त्या वर्षापुरती सवलत मागणारं पत्र. अट मोडल्यावर मागितलेली सवलत आणि आधी मागितलेली सवलत यांकडे क्रेडिट विभाग एकाच नजरेने पाहत नाही.

कॅश क्रेडिटचं नूतनीकरण तेवढं सोपं होतं. ते पत्राच्या तारखेपासून वर्षभराचं, त्यामुळे वितरणाशी त्याचा संबंध नाही. 11 ऑगस्ट 2025, आणि कागद जमवायची ओळ मे महिन्यात.

शीटची शेवटची ओळ कर्ज फिटल्यानंतरची आहे. शेवटचा हप्ता 31 ऑगस्ट 2031, तोही रविवारच. त्यानंतर 30 दिवसांत सीएचजी-4 भरून मशिनरीचा आणि प्लॉटचा, दोन्ही बोजे उतरवायचे. प्लॉट कॅश क्रेडिटलाही तारण असेल तर मात्र बँकेकडून आधी लेखी घ्यावं लागेल की कुठला बोजा सुटतो आणि कुठला राहतो. ही ओळ बहुतेक कंपन्यांच्या कॅलेंडरमध्ये नसते, आणि पुढची बँक एमसीएचं पोर्टल उघडून पाहते तेव्हा फिटलेलं कर्ज तिथे उभंच असतं. आपल्याकडे जुनं पत्र असेल तर सुरुवात याच ओळीपासून करा.