आत्याची पाठ

माणूस अंथरुणाला खिळला की येणारे-जाणारे त्याच्या तोंडाकडे पाहतात. पाठ कोणी पाहत नाही. माझी आत्या 82 वर्षांची. पक्षाघातानंतर ती उताणीच पडून असे. त्यात सोलापूरचा उन्हाळा, घामाने ओली झालेली जाड चादर आणि तिची चुणी नेमकी माकडहाडाखाली! हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी चेपली की तिला रक्त पोचत नाही. शय्याव्रणाचे मूळ ते.

पहिल्या टप्प्याची खूण लाली, असे सांगतात. पण सावळ्या कातडीवर लाली दिसणार कुठून? आत्याला विचारून, तिला नीट पांघरूण घालून मी तेवढ्याच जागेचा फोटो काढला आणि पुण्याला नर्स असलेल्या भाचीला पाठवला. फोटोत किंचित काळपट डाग होता, एवढेच. तिचा लगेच फोन आला.

"मामा, नुसत्या रंगावर जाऊ नका. बोटाने दाबून सोडा. रंग फिका होऊन परत येतो का? शेजारच्या कातडीपेक्षा तिथे गरम, टणक किंवा लिबलिबीत लागतं का?"

रंग ढळला नाही. जागा गरम लागली. कातडी अखंड होती, म्हणून पहिला टप्पा. दर दोन तासांनी कूस बदलायची आणि ती जागा मुळीच चोळायची नाही, असे ठरले. तरी आठवड्याने वरची कातडी गेली. खाली उथळ, गुलाबी, ओलसर जखम होती. हा दुसरा.

पुढचे फोटो मी खिडकीच्या उजेडात, तेवढ्याच अंतरावरून आणि शेजारी शाळेची पट्टी धरून काढू लागलो. मास्तरकी कुठे ना कुठे उपयोगी पडतेच! एके दिवशी जखमेच्या तळावर पिवळा थर दिसला. लांबी-रुंदी मात्र वाढलेली नव्हती. भाची म्हणाली, "तळ झाकलाय. तो दिसेपर्यंत टप्पा सांगता येत नाही. आता फोटो पुरे, नर्सला बोलवा. आणि ताप आला, पू झाला, सूज पसरली, हाड दिसलं किंवा आत्याआजी असंबद्ध बोलू लागली, तर तिचीही वाट पाहू नका. तडक दवाखाना."

नर्सबाईंनी कापसाची निर्जंतुक काडी जखमेच्या कडेखाली हळूच सरकवली. ती जवळजवळ दोन सेंटिमीटर आत गेली! वरून साबूत दिसणाऱ्या कातडीखाली पोकळी होती, आणि ती कोणत्याच फोटोत आली नव्हती. पिवळा थर डॉक्टरांनी काढला, तेव्हा खाली चरबी दिसली. म्हणजे तिसरा टप्पा. टाचेवरच्या कोरड्या, घट्ट काळ्या खपलीला मात्र बाईंनी हात लावू दिला नाही. पोटरीखाली उशी देऊन टाच नुसती अधांतरी ठेवली.

आता जखमेत लाल, दाणेदार मांस भरते आहे. परवा मी वहीत "दुसरा टप्पा" असे लिहिले, तर बाईंनी ते खोडून "भरत आलेला तिसरा" असे लिहिले. गेलेले थर पूर्वीसारखे परत येत नाहीत, म्हणून टप्पा उलटा मोजत नाहीत.