कढईतला धूर

दिवाळीचा फराळ उरकला की कढईत किलो-सव्वा किलो तेल उरते. कोणी ते गाळून बरणीत भरून ठेवते आणि भज्या-पापडांना महिनाभर वापरते, कोणी त्यातच नवे तेल ओतून पुढचा घाणा काढते. आमच्या आत्याबाईंचे म्हणणे असे, की "तेल काय दूध आहे का नासायला?" तेल दुधासारखे नासत नाही हे खरेच. पण दर तळणीला ते आतून बदलत जाते, आणि हा बदल आपल्याला आधी दिसतो तो धुरातून.

तेल तापवत नेले, की एका ठरावीक उष्णतेला त्याच्यावर निळसर धुराची बारीक रेघ सतत उठू लागते. त्या उष्णतेला तेलाचा धूरबिंदू म्हणतात. चांगल्या रिफाइंड शेंगतेलाला हा धूर सुमारे २३० अंश सेल्सिअसला सुटतो. घाण्याच्या शेंगतेलाला तो १६० च्या आसपासच सुटतो, कारण त्यात दाण्याचा बारीक अंश आणि थोडी सुटी आम्ले राहिलेली असतात. आपले तळण चालते १७० ते १८० अंशांवर. म्हणून घाण्याचे तेल पहिल्याच घाण्याला थोडे धुरकटले तर तेलवाल्याला बोल लावू नये. आच जरा कमी ठेवावी, एवढेच.

पण हा आकडा तेलाच्या जातीवर कायमचा कोरलेला नसतो. आज कढईत असलेल्या तेलाचा तो आजचा आकडा असतो. २०२३ च्या दिवाळीत मी हे मोजूनच पाहिले. भाच्याने लांब सुईचा, तळणीचा थर्मामीटर आणून दिला होता. दोन किलो रिफाइंड शेंगतेल घेतले आणि रोज तळण्याआधी, हाताशी झाकण ठेवून, धुराची पहिली रेघ दिसेपर्यंत तापवून लगेच आच काढली. पहिल्या दिवशी, चकल्यांच्या आधी, काटा २२८ वर होता. शंकरपाळ्यांच्या दिवशी २१० वर धूर आला. कडबोळी झाल्यावर तेल गाळून ठेवले आणि आठवड्याने भज्यांसाठी काढले, तेव्हा १९० लाच रेघ उठली. नंतर त्याच तेलात मिरच्या आणि पापड तळले. पुढच्या खेपेला १८० गाठायच्या आतच धूर! म्हणजे तळणीची उष्णता आणि धुराची उष्णता यांच्यात सुरुवातीला जे पन्नास अंशांचे अंतर होते, ते चार-पाच तळणींत संपले. हे आकडे माझ्या चुलीचे आणि माझ्या कढईचे आहेत. तुमच्याकडे थोडे वेगळे येतील, पण उतरतील हे नक्की.

असे का होते? तेलाचा कण म्हणजे एक तिवई समजा. ग्लिसरीनची बैठक आणि तिला आम्लांचे तीन पाय. कच्च्या चकलीत पाणी असते. चकली तेलात सोडली की जे बुडबुडे उसळतात ती या पाण्याचीच वाफ. त्या गरम ओलीने तिवईचा एखादा पाय निखळतो. निखळलेले आम्ल मूळ तेलापेक्षा लवकर उडून जाते, म्हणून धूर लवकर येतो. ताज्या रिफाइंड तेलात असे सुटे आम्ल नावालाच असते. ते शंभरात एक भाग झाले तरी धूरबिंदू १६० अंशांच्या जवळ येतो. आणि फारच तापले तर उरलेल्या ग्लिसरीनपासून ॲक्रोलीन नावाचा तिखट वायू निघतो. करपलेल्या तेलाच्या धुराने डोळे चुरचुरतात ते त्यानेच.

दुसरा बदल हवेने होतो. गरम तेलात हवा शिरते, तेलाचे कण एकमेकांना चिकटतात आणि तेल दाट होते. करडईच्या तेलात हे फार लवकर घडते. जुन्या काळी लोकांनी या गुणाचा उपयोगही करून घेतला होता. करडईचे तेल तासन् तास कढवून त्याचे चिकट रोगण करीत आणि ते चामडे पाण्यात टिकावे म्हणून त्याला लावीत. कढईच्या कडेला जो पिवळा चिकट थर बसतो आणि राखेने घासूनही निघत नाही, तो त्या रोगणाचाच भाऊबंद. म्हणून करडईचे तेल फोडणीला, कालवणाला घ्यावे. पुन्हा पुन्हा तळण्याला शेंगतेल बरे. तळणीला पितळी कढई नको, कारण तांब्याच्या अंशाने हा बदल आणखी वेगाने होतो.

तेल उतरले हे थर्मामीटरशिवाय ओळखता येते. रंगावर मात्र जाऊ नका. तिखट-हळदीने किंवा गुळाच्या शंकरपाळ्यांनी चांगले तेलही लाल होते. फेस पाहावा. ताज्या तेलात बुडबुडे मोठे येतात आणि पदार्थ काढला की बसतात. थकलेल्या तेलात बारीक फेस चढतो आणि घाणा काढल्यावरही रेंगाळतो. असे तेल झाऱ्यावरून पाकासारखे सावकाश ओघळते, आणि त्यातला पदार्थ तेलकट लागतो. बाजारातल्या तळणवाल्यांसाठी सरकारने १ जुलै २०१८ पासून नियमच केला आहे. तापून तयार झालेली ही द्रव्ये तेलात शंभरात पंचवीस भागांपेक्षा जास्त झाली, की ते तेल तळणाला चालत नाही. घरात ते मोजायचे यंत्र नसते. आपण फेस आणि धूर पाहायचा. धूर तळणीच्या उष्णतेला आला की त्या तेलाचे तळण संपले.

त्यात नवे तेल ओतून ते सुधारत नाही. सुटी आम्ले पातळ होतात, धूरही थोडा उशिरा येतो, पण जुन्या तेलातला बिघाड नव्यालाही लागतो. आत्याबाईंना हे पटवायला मला दोन दिवाळ्या लागल्या. आता एका तळणीनंतरचे तेल आम्ही निवल्यावर फडक्यातून गाळतो, म्हणजे पिठाचे जळके कण राहत नाहीत. भरलेली बरणी अंधारात ठेवतो आणि आठवडा-पंधरवड्यात फोडणीलाच संपवतो.

धुराच्या पुढे आणखी एक पायरी आहे, तिला ज्वालाबिंदू म्हणतात. तेल ३०० अंशांच्या वर गेले की त्याची वाफ इतकी दाट होते, की जवळ ज्योत असेल तर ती भपकन पेटते. सुटी आम्ले वाढलेल्या तेलात ही पायरीही खाली येते. चुलीवर तर जाळ कढईच्या काठापर्यंत चढलेला असतो, म्हणजे ठिणगी शोधायलाच नको. कढई चढवून दारात कोण आले ते पाहायला गेले, की धुरापासून पेटण्यापर्यंत फार वेळ लागत नाही.

पेटलेच तर पाणी टाकायचे नाही. पाणी तेलापेक्षा जड. ते तळाशी जाते, क्षणात त्याची सुमारे १७०० पट वाफ होते आणि जळते तेल छपरापर्यंत उडते. कढई उचलून बाहेर पळायचेही नाही. गॅस बंद करावा किंवा लाकडे ओढावीत, आणि कढईपेक्षा मोठे झाकण किंवा परात बाजूने सरकवून घट्ट झाकावी. जाळ विझलेला वाटला तरी परात लगेच काढू नये. आतले तेल अजून तितकेच तापलेले असते आणि हवा लागताच पुन्हा पेट घेते. परातीला हात लावता येईल इतकी ती निवेपर्यंत, अर्धा-पाऊण तास गेला तरी, तशीच राहू द्यावी.