पट्टी खालनं वाचायची

न्हावऱ्याच्या आमच्या घरात ओसरीच्या खुंटीला एक तार लटकायची. वरचं टोक आकड्यासारखं वाकवलेलं, खाली लाकडाची चकती. कांद्याची गाडी पुण्याला गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेली, की दोन-तीन दिवसांनी अडत्याची पट्टी यायची आणि हिशोब झाला की अण्णा ती तारेत ओवून टाकायचे. पिवळट कागद, निळ्या कार्बनची अक्षरं, मधोमध तारेचं भोक.

पट्टी वाचायला मी चौथीत असताना शिकले. मी वरून सुरुवात केली: चाळीस गोणी, दोन हजार किलो, दहा किलोला नव्वद रुपये, एकूण अठरा हजार. अठरा हजार म्हणताना माझा आवाज चढला. अण्णा म्हणाले, "खालनं वाच." खाली निव्वळ रक्कम होती आठ हजार नऊशे वीस. मग एकेक ओळ वर चढायची. उचल पाच हजार, अडत एक हजार ऐंशी, हमाली-तोलाई सहाशे, मोटारभाडं दोन हजार चारशे. अडत तेव्हा शेतकऱ्याच्या पट्टीतूनच कापली जायची. ती खरेदीदाराच्या अंगावर गेली २०१६ साली. प्रत्येक ओळीला अण्णा विचारायचे, "हे कुणाला गेलं? परत येणार का?" उचल आधीच घरात येऊन खर्चलेली होती. भाडं गेलं ते गेलंच. एकाच कागदावरच्या या दोन वजावटींची जात वेगळी, हे त्यांना माझ्या डोक्यात बसवायचं होतं.

हे सगळं मला येत असूनही २०१६ साली, नोकरीची पहिली तीन वर्षं झाल्यावर खराडीतल्या एका कंपनीची ऑफर आली तेव्हा मी ती वरून वाचली. हातात होते त्यापेक्षा चाळीस टक्के जास्त. फोनवर एचआरच्या बाईंनी आकडा सांगितला आणि मी तिथंच "हो मॅडम" म्हणाले. आपण काही विचारलं तर ऑफर मागे घेतील, अशी धास्ती होती. आमच्याकडच्या बहुतेक मुलामुलींना ती असते, कारण घरात पगारी नोकरी करणारी पहिली माणसं आम्हीच. भाव ठरवायचा अधिकार समोरच्याचा, हे आम्ही मार्केट यार्डात पाहिलेलं असतं. पण कांदा दारात सडतो. चार मुलाखती घेऊन निवडलेला माणूस सडत नाही. कंपनीने तुमच्यावर कित्येक तास घातलेले असतात आणि तुम्ही नाही म्हणालात तर तिला पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं. लेखी ऑफर आल्यापासून तुम्ही होकार देईपर्यंतचे ते तीन-चार दिवस, एवढाच काळ पारडं थोडं आपल्याकडे झुकतं. मी तो एका शब्दात संपवला.

पैशापेक्षा मोठं नुकसान दुसरीकडे झालं. मुलाखतीत जावा आणि मायक्रोसर्व्हिसेस यांवर प्रश्न विचारले होते, म्हणून काम तेच असणार असं मी धरून चालले. रुजू झाल्यावर कळलं की माझ्या वाट्याला आलेलं सॉफ्टवेअर स्ट्रट्स १ वर उभं आहे. त्या फ्रेमवर्कचा सांभाळ त्याच्या कर्त्यांनीच २०१३ मध्ये थांबवला होता. नवं लिहायचं काहीच नव्हतं. रात्री ग्राहकाचा फोन आला की जुन्या फायली उघडायच्या, एक ओळ बदलायची, आणि ती बदलल्याने दुसरीकडे काही मोडलं नाही ना हे हाताने तपासत बसायचं, कारण आपोआप चालणारी एकही टेस्ट नव्हती. चौदा महिने मी तेच केलं. पुढच्या मुलाखतींत "अलीकडे काय बांधलंत?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्या काळात एकदा घरी आले असताना अण्णांना हे सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "आधीचा वाटेकरी का गेला, ते इचारलं नव्हतं का?"

आमच्याकडे रान वाट्याने घेताना हा प्रश्न पहिला असतो. मालक विहिरीचं पाणी दाखवतो, माती दाखवतो. पण आधी ज्याने ते रान केलं त्याने ते का सोडलं, हे कळल्याशिवाय अण्णा सुपारी घेत नसत. उन्हाळ्यात विहीर आटते, शेजारी बांध कोरतो, मालक खताचे पैसे देत नाही, असलं काहीतरी तिथेच सापडायचं.

नंतर २०२१ च्या नोव्हेंबरात एक ऑफर आली. सोळा लाख. या वेळी मी म्हटलं, "आभारी आहे, पगाराचा तक्ता पाठवा, परवापर्यंत कळवते." आणि तो तक्ता वहीवर उतरवून खालून वाचायला घेतला. सोळा लाखांना बाराने भागलं तर महिन्याला एक लाख तेहेतीस हजार दिसतात. त्यातले एक लाख साठ हजार व्हेरिएबल, म्हणजे कंपनीचं आणि माझं वर्ष कसं जाईल त्यावर. बेसिक सहा लाख चाळीस हजार. त्याच्या बारा टक्के, शहात्तर हजार आठशे, कंपनीच्या वाट्याचा प्रॉव्हिडंट फंड. तीस हजार सातशे चौऱ्याऐंशी ग्रॅच्युइटी. विम्याचा हप्ता बारा हजार. हे वजा केलं की महिन्याला एक लाख दहा हजार उरतात. त्यातून माझ्या वाट्याचा फंड सहा हजार चारशे आणि व्यवसाय कर दोनशे गेले, की आयकराच्या आधी एक लाख तीन हजार चारशे.

अण्णांचा प्रश्न इथे जसाच्या तसा लागू पडतो: हे कुणाला गेलं, परत येणार का? फंड माझाच आहे, व्याजासह परत येईल. ग्रॅच्युइटी तेव्हा १९७२ च्या कायद्याने होती, नोकरीच्या दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, महिना सव्वीस दिवसांचा धरून. तक्त्यातले बेसिकचे ४.८१ टक्के येतात ते या हिशोबातून. पण कायम नोकरीत ती मिळायला साधारण पाच वर्षं टिकावं लागतं. तीन वर्षांत नोकरी बदलणाऱ्यासाठी ती ओळ नसल्यातच जमा. आणि व्हेरिएबल? ते विचारल्याशिवाय कळत नाही. मी विचारलं: "गेल्या दोन वर्षांत या ग्रेडला किती टक्के मिळालं?" उत्तर आलं, सत्तर आणि पंच्याऐंशी. मी माझ्या वहीत सत्तर धरले.

मग पैशाची मागणी. मी दोनच गोष्टी मागितल्या आणि दोन्हींना कारण दिलं. जुन्या कंपनीत मार्चमध्ये मिळणारा सत्तर हजारांचा बोनस मी मधेच सोडल्याने बुडणार होता, तेवढा जॉइनिंग बोनस द्यावा. दुसरी गोष्ट मला वाढीबद्दल विचारताना सापडली. पगारवाढ एप्रिलमध्ये होते, पण एक ऑक्टोबरनंतर आलेल्यांना त्या वर्षी धरत नाहीत. म्हणजे माझी पहिली वाढ थेट २०२३ च्या एप्रिलमध्ये. मला येत्या एप्रिलमध्येच धरा, अशी विनंती केली. एचआरच्या मॅडम म्हणाल्या, नियम बदलता येणार नाही. मी म्हटलं, "मग त्या वाढीच्या बदल्यात फिक्स्ड एक लाखाने वाढवून द्या, आणि ते दिलंत तर मी आजच होकार कळवते." त्यांनी मॅनेजरला विचारायला एक दिवस घेतला. फिक्स्ड लाखाने वाढलं, बोनस साठ हजार मिळाला, वर्षाच्या आत सोडलं तर परत करायच्या अटीवर. दोन्ही गोष्टी सुधारित पत्रात छापून आल्यावरच मी जुन्या ठिकाणी राजीनामा दिला.

इथे एक गोष्ट ठासून सांगते. आधीचा पगार फुगवून सांगू नये आणि नसलेली दुसरी ऑफर आहे म्हणू नये. पगाराच्या पावत्या आणि फॉर्म १६ मागतात. खोटं तिथेच उघडं पडतं. आणि कॉलेजातून थेट भरती झालेल्या मुलांना आकड्यात फार हलवाहलव करता येत नाही, कारण पूर्ण तुकडीला एकच दर असतो. त्यांनी बाँड आहे का आणि काम कुठलं मिळेल, एवढं तरी विचारावं.

काम आणि टीम यांबद्दलचे प्रश्न मी एचआरला विचारलेच नाहीत. त्यांना ते माहीत नसतं. ज्याच्या हाताखाली बसायचं त्या मॅनेजरशी आणि टीममधल्या एखाद्या माणसाशी अर्धा-अर्धा तास बोलायला मागितलं, आणि पहिलाच प्रश्न ठेवला: ही जागा रिकामी का झाली? मग पहिल्या तीन महिन्यांत माझ्या हातात काय येईल, शेवटचा बदल ग्राहकापर्यंत कधी गेला आणि त्याला किती दिवस लागले, रात्रीचा फोन किती जणांत वाटलेला आहे आणि गेल्या महिन्यात किती वेळा वाजला, या टीममधून शेवटची बढती कधी झाली. "तुमचा टेक स्टॅक काय?" असं विचारलं तर जाहिरातीतलीच यादी ऐकू येते, शेवटच्या बदलाची गोष्ट सांगायला लावली की त्यात स्टॅकही येतो आणि त्याचे हालही. ज्यांचं बरं चाललेलं असतं ते आकड्यात बोलतात: "मंगळवारी गेला, दोन दिवस लागले." ज्यांचं नसतं ते "आमच्याकडे खूप शिकायला मिळतं" म्हणतात. त्या कंपनीतली आधीची मुलगी नवऱ्याच्या बदलीमुळे बंगळुरूला गेली होती, आणि हे मला तिच्या शेजारी बसणाऱ्यानेच सांगितलं. मी तिथे साडेतीन वर्षं काम केलं.

आता ओळखीतली मुलं ऑफरचं पत्र मला व्हॉट्सॲपवर पाठवतात. गेल्या दिवाळीत माझा आतेभाऊ दौंडहून मोटारसायकलवर आमच्याकडे आला. पाच वर्षं तो दौंड-पुणे गाडीने नोकरीला जातो-येतो. हैदराबादची ऑफर होती, आताच्यापेक्षा तीन लाखांनी जास्त. आम्ही ओसरीवर बसून तक्ता खालून वर वाचला. अण्णांना आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून मी एकेक ओळ मोठ्याने म्हणत होते आणि ते प्रत्येक ओळीला तेच विचारत होते. व्हेरिएबल काढलं, हैदराबादचं घरभाडं धरलं, तीन लाखांचे सव्वा लाख उरले. "ताई, तरी सव्वा लाख आहेतच की," तो म्हणाला. मी म्हटलं, आहेत. आता मॅनेजरला फोन लाव.

त्याने दुसऱ्या दिवशी लावला. मॅनेजर सरळ माणूस निघाला. म्हणाला, आधीचे दोघं रात्रपाळीमुळे गेले. चार जणांत महिन्याच्या सगळ्या रात्री वाटून घ्याव्या लागतात आणि निदान वर्षभर तरी त्यात बदल होणार नाही. आतेभावाने त्याचे आभार मानले, दोन दिवस विचार केला आणि नकाराचा मेल पाठवला. तो अजून जुन्याच कंपनीत आहे, सकाळची गाडी पकडतो, आणि मुलाखती देणं चालू आहे.